नंबर बदललाय, कळवलंत का?

सबमिशनचा आठवडा आणि घरचा फोन, या दोन गोष्टी नेमक्या एकत्रच येतात. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी, मी ड्रॉइंग शीटवर पालथा पडलो होतो आणि आईचा फोन आला. "तुझे बाबा काही बोलणार नाहीत. पण त्यांच्या ऑपरेशनचे पैसे अजून आलेले नाहीत. तू जरा बघतोस का?"

ऑपरेशन झालं होतं ऑगस्ट २०२४ मध्ये. पित्ताशयातले खडे. तीन दिवस दवाखाना आणि बिल ७१,६४० रुपये. दवाखाना कंपनीच्या यादीतला नव्हता, त्यामुळे कॅशलेस नाही. आधी पदरचे भरायचे आणि मग कागद पाठवून मागायचे. बाबा साखर कारखान्यात फिटर आहेत. पदरचे म्हणजे काय, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणि वर थोडे सोसायटीतून काढलेले. सप्टेंबरच्या २ तारखेला त्यांनी सगळे कागद नीट टाचून दिले होते. तेव्हापासून पाच महिने ते शांतपणे वाट बघत होते. बाबांच्या मते कुठलंही ऑफिस सहा महिन्यांच्या आत पैसे देत नाही, आणि आधी दिले तर संशय घ्यावा.

शनिवारी मी कराडला गेलो. कपाटातून पिशवी काढली. (प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. तिच्यात रेशनकार्डापासून १९९८ च्या फ्रिजच्या वॉरंटीपर्यंत सगळं असतं.) त्यात विम्याचं कार्ड सापडलं, त्यावरच्या नंबरला फोन लावला. आपल्याला वाटतं विमा कंपनीच क्लेम बघते. पण बऱ्याच आरोग्य पॉलिसींमध्ये मधे आणखी एक संस्था असते, तिला टीपीए म्हणतात. कागद तपासणं, शंका काढणं, दवाखान्याशी बोलणं हे काम त्यांचं. पलीकडच्या मुलीने कार्डावरचा आकडा विचारला आणि एका दमात सांगून टाकलं, "सर, तुमचा क्लेम १८ नोव्हेंबरला क्लोज झालाय. ११ सप्टेंबरला क्वेरी पाठवली होती, त्यानंतर दोन रिमाइंडर पाठवले. रिप्लाय आला नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. त्यात कारखान्याच्या पाळीचे मेसेज होते, रिचार्जचे होते, एका लॉटरीचाही होता. क्वेरीचा एकही नव्हता.

"मॅडम, कुठल्या नंबरवर पाठवलं?"

"रजिस्टर्ड नंबरवर, सर."

"आरं, फॉर्मवर नंबर दिलाय की," बाबा मागून म्हणाले. आणि खरंच दिला होता. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. एक आपण भरायचा आणि एक दवाखान्याने. आपल्या भागात पहिल्याच चौकटीत नाव, पत्ता, फोन, ईमेल हे रकाने आहेत. आमच्याकडच्या झेरॉक्सवर बाबांच्या सुवाच्य अक्षरात त्यांचा नंबर होता. मग मेसेज गेला कुठे?

उत्तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर होतं. त्या पानाला शेड्यूल म्हणतात. विमा कोणाचा, किती रकमेचा, कधीपासून कधीपर्यंत हे सगळं त्यावर छापलेलं असतं. आणि तिथेच, आम्ही सात वर्षांत एकदाही न वाचलेल्या ओळीत, एक मोबाईल नंबर आणि एक ईमेल होता. दोन्ही बाबांचे नव्हते. दोन्ही एजंटकाकांचे होते!

यात काकांचा काही डाव होता असं मला वाटत नाही. २०१८ च्या जानेवारीत पॉलिसी काढली तेव्हा बाबांकडे बटणांचा फोन होता आणि ईमेल हा प्रकार आमच्या घरात नव्हताच. काकांनी प्रपोजल फॉर्म स्वतः भरला. रिकामा रकाना चालत नाही म्हणून आपला नंबर टाकला, आपला ईमेल टाकला, बाबांनी सही केली. काम झालं. पुढे दर जानेवारीला काका स्वतः घरी यायचे, चहा प्यायचे, चेक घेऊन जायचे. म्हणजे खरं तर आमची 'नोटीस' काकाच होते. मग २०२४ मध्ये त्यांनी एजन्सी सोडली आणि ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. नोटीसही गेली.

डीबीएमएसच्या लेक्चरला आपण जे पेंगत ऐकतो ना, ते त्या शनिवारी मला पहिल्यांदा नीट कळलं. माहिती एकाच माणसाची, पण ती तीन ठिकाणी. एक कंपनीच्या रेकॉर्डमध्ये, दुसरी कंपनीकडून टीपीएकडे गेलेल्या रेकॉर्डमध्ये आणि तिसरी आपण हाताने भरलेल्या क्लेम फॉर्मवर. आपण समजतो की तिसरी सगळ्यात ताजी, म्हणून तीच वापरतील. पण आमच्या बाबतीत फॉर्मवरचा नंबर बहुधा फक्त फाईल लावणाऱ्या माणसाने पाहिला. मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने पॉलिसीच्या रेकॉर्डमधला उचलला. कोणी आपणहून जुना पुसून नवा घातला नाही, कारण नियमाप्रमाणे पॉलिसीवरची नोंद बदलायला विमेदाराचा अर्ज लागतो. फॉर्ममधला रकाना म्हणजे अर्ज नव्हे.

आणि कंपनीवर चिडण्याआधी मी पॉलिसीची छोट्या अक्षरातली पुस्तिका काढली. (होस्टेलवर जाताना ती बसमध्ये वाचली. झोप छान लागते.) अशा आरोग्य पॉलिसींच्या पुस्तिकेत सहसा दोन वाक्यं असतात, ती आमच्याही होती. एकाचा अर्थ असा की कंपनी शेड्यूलमध्ये दिलेल्या पत्त्यावर किंवा तिथे दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवेल. दुसऱ्याचा अर्थ असा की नूतनीकरणाची सूचना द्यायचा कंपनी प्रयत्न करेल, पण ती देण्याचं बंधन तिच्यावर नाही. पहिल्यामुळे मेसेज काकांच्या नंबरवर गेला तरी कंपनीच्या दृष्टीने तो पोहोचला. दुसऱ्यामुळे नोटीस अजिबात आली नाही तरी मुदत संपायची ती संपतेच.

हे दुसरं वाक्य वाचण्याआधीच त्याचा झटका आम्हाला बसला होता. कारण शनिवारी शेड्यूल बघताना नंबरच्या दोन ओळी वर तारीख दिसली. पॉलिसी २२ जानेवारीच्या मध्यरात्री संपली होती. त्या दिवशी तारीख होती १ फेब्रुवारी.

पैशांचा क्लेम बाजूला राहिला आणि घरात एकदम शांतता पसरली. आईला साखर आहे. पॉलिसी घेतली तेव्हापासून आहे आणि फॉर्मवर तसं लिहिलेलंही आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी काही काळ थांबावं लागतं. तो प्रतीक्षा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकायचा, २०२४ च्या नियमांपासून जास्तीत जास्त ३६ महिने. आईचा तो काळ केव्हाच पूर्ण झाला होता. पॉलिसी खरोखर तुटली तर नवीन अर्ज, नवीन तपासण्या, आणि कंपनीने घेतलंच तर प्रतीक्षेचे महिने पुन्हा एकपासून. वयाच्या बावन्नाव्या वर्षी साखर असलेल्या बाईला कंपनी काय अटी घालेल, हे मला विचारायचंसुद्धा नव्हतं.

वाचवलं ते ग्रेस पीरियडने. वर्षाचा हप्ता एकदम भरत असाल तर मुदत संपल्यावर ३० दिवसांत नूतनीकरण करता येतं आणि मागचं सगळं, म्हणजे पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ आणि क्लेम न केल्याचा बोनस, तसंच चालू राहतं. आम्हाला २१ फेब्रुवारीपर्यंत वेळ होता. मात्र यात एक मेख आहे. मागचं जमा झालेलं टिकतं, पण वर्षाचा हप्ता भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांचं संरक्षण मिळत नाही. आम्ही सोमवारी, ३ फेब्रुवारीला पैसे भरले. म्हणजे २३ जानेवारीपासून तोपर्यंत घरात कोणी पडलं-झडलं असतं तर विम्यातून एक रुपया आला नसता. त्या दिवसांत बाबा रात्रपाळीला मोटारसायकलवरून जात होते, हे आईने नंतर तीन वेळा बोलून दाखवलं.

आता नंबर बदलायचा. म्हटलं, आपण संगणकाचे विद्यार्थी, पाच मिनिटांचं काम! कंपनीच्या साईटवर गेलो, 'संपर्क बदला' सापडलं, पॉलिसी नंबर टाकला. स्क्रीनवर आलं की ओटीपी तुमच्या रजिस्टर्ड मोबाईलवर पाठवला आहे. म्हणजे काकांच्या! नंबर बदलायला जुन्या नंबरचीच परवानगी. कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटीला तेच कुलूप. चिडून मी शेड्यूलवरच्या नंबरला सरळ फोन लावला. काका उचलतील, ओटीपी सांगतील.

काकांनी उचललाच नाही. उचलला जळगावच्या एका गृहस्थांनी.

"हा नंबर तर माझा आहे भाऊ, सात-आठ महिने झाले घेऊन."

मी काकांचं नाव घेतलं, त्यांना माहीत नव्हतं. बाबांचं नाव घेतलं आणि ते एकदम ओळखीच्या सुरात म्हणाले, "अरे, ते तुमचे वडील का? त्यांचे मेसेज येतात ना मला! क्लेम, डॉक्युमेंट, काय काय. मला वाटलं फ्रॉड आहे, मी डिलीट करतो."

काकांनी नाशिकला गेल्यावर जुनं सिम सोडून दिलं होतं. सोडलेला किंवा वापर नसल्यामुळे बंद झालेला नंबर कायमचा मरत नाही. किमान ९० दिवस तो बाजूला ठेवतात आणि नंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. म्हणजे आमची क्वेरी, रिमाइंडर आणि नूतनीकरणाची आठवण, सगळं इमानेइतबारे जळगावला पोहोचत होतं. आणि त्या गृहस्थांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. अनोळखी नावाचा, लिंक असलेला, पैशांचा मेसेज डिलीट करा असंच तर आपण सगळ्यांना सांगतो. ते ओटीपीही सांगायला तयार झाले, पण मीच नको म्हटलं. चांगल्या माणसाला वाईट सवय लावू नये. काकांना आईकडून नवा नंबर मिळवून फोन केला तेव्हा कळलं की ईमेल अजून त्यांचाच आहे, पण "आता कोण उघडतं बाबा तो!" त्यांनी उघडला. ११ सप्टेंबरचं पत्र तिथे न वाचलेलं पडलं होतं. त्यांनी लगेच मला पाठवलं आणि चार वेळा माफी मागितली.

ओटीपीचा रस्ता बंद असेल तर उरतो तो कागदाचा. सोमवारी बाबांना घेऊन कंपनीच्या शाखेत गेलो. बाबांना नेणं आवश्यक होतं, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर आहे आणि अर्जावर सही त्यांचीच लागते. मुलगा कितीही इंजिनीअर होत असला तरी चालत नाही. अर्ज साधा होता. पॉलिसी नंबर, जुना मोबाईल व ईमेल काढून हे नवीन घालावेत, आणि पत्ताही बदलावा (२०२१ मध्ये आम्ही भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलो होतो, शेड्यूलवर अजून जुनी गल्ली होती). ओळखपत्राची आणि नव्या पत्त्याच्या पुराव्याची बाबांनी सही केलेली प्रत जोडली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घेतली. तिथल्या साहेबांनी सांगितलं की असा बदल पॉलिसीवर झाला की त्याचा वेगळा कागद निघतो, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. पत्ता बदलण्याचे आमच्याकडून काही पैसे घेतले नाहीत. "तो कागद हातात येईपर्यंत बदल झाला असं समजू नका," हे त्यांचं वाक्य मी मनात कोरून ठेवलं.

बरं झालं कोरलं. आठवड्याने एन्डॉर्समेंट आली. मोबाईल बरोबर, पत्ता बरोबर, आणि ईमेलमध्ये आमच्या आडनावाला एक अक्षर जास्त! मी बाबांसाठी नवाकोरा ईमेल काढला होता आणि अर्जावर घाईत लिहिला होता. माझं अक्षर म्हणजे डॉक्टर व्हायला हरकत नव्हती. पुन्हा अर्ज, या वेळी ईमेल टाईप करून. बदल झालाय की नाही हे ओळखायची खूण मला तेव्हा सापडली. कागदावर विश्वास ठेवून थांबायचं नाही, साईटवर जाऊन लॉगिनचा ओटीपी मागवायचा आणि पॉलिसीची प्रत ईमेलवर मागवायची. दोन्ही आपल्या हातात पडले तर कंपनीचं रेकॉर्ड ठीक. मग टीपीएला फोन करून "माझ्या नावापुढे कोणता नंबर आहे, शेवटचे चार आकडे सांगा" असं विचारायचं. आम्ही विचारलं तेव्हा तिथे अजून जळगावच होतं! कंपनीकडचा बदल तिकडे आपोआप पोहोचेल हे गृहीत धरलं असतं तर पुढची क्वेरीही तिकडेच गेली असती. एन्डॉर्समेंटची प्रत टीपीएला मेल केली, मग बदललं.

आणि क्लेम? क्वेरी वाचल्यावर मला हसावं की रडावं कळेना. दोनच गोष्टी मागितल्या होत्या. पोटदुखी पहिल्यांदा केव्हा सुरू झाली याचं डॉक्टरांचं पत्र, आणि औषधांच्या बिलाची तपशीलवार फोड. दोन्ही गोष्टी एका दुपारच्या. डॉक्टरांनी जुलै २०२४ च्या सोनोग्राफीचा उल्लेख करून पत्र दिलं, मेडिकलवाल्याने बिलं पुन्हा छापली. मी टीपीएला पत्र लिहिलं आणि त्याची प्रत कंपनीला दिली. त्यात रडगाणं नव्हतं, फक्त तारखा होत्या: क्वेरी कधी निघाली, कुठल्या नंबरवर व ईमेलवर गेली, तो नंबर कोणाचा होता, आम्हाला केव्हा कळलं आणि आम्ही किती दिवसांत उत्तर दिलं. शाखेतले साहेब म्हणाले होते की खऱ्या क्लेमला केवळ उशीर झाला म्हणून नाकारू नये, असं नियामकाचं २०११ चं परिपत्रक आहे, त्याचा उल्लेख करा. केला. क्लेम पुन्हा उघडला गेला. उघडला नसता तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे, अशी माझी तयारी होती. पण ती वेळ आली नाही.

मार्च २०२५ मध्ये ६८,४३० रुपये बाबांच्या खात्यात आले. हातमोजे, नोंदणी फी वगैरेचे ३,२१० कापले होते, ते पॉलिसीत बसतच नाहीत. या वेळी मेसेज बाबांच्याच फोनवर आला. बाबांनी तो मला दाखवला नाही, आधी आईला दाखवला. मग चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला.

एक गोष्ट मात्र मला आधीच कळायला हवी होती. कागद दिल्यावर क्लेम नंबर असलेला पोचेचा मेसेज साधारण पहिल्या दोन-चार दिवसांत यायला हवा. आमच्याकडे तो सप्टेंबरमध्येच आला नव्हता. तेव्हाच एक फोन केला असता तर पाच महिने वाचले असते. पण मी तेव्हा होस्टेलवर सिम बदलण्यात गुंतलो होतो. दुसऱ्या वर्षात स्वस्त डेटासाठी मी तीन नंबर बदलले, आणि बाबांच्या पॉलिसीत माझंही नाव आहे, हे इथे कबूल करून टाकतो.

या जानेवारीत, २०२६ मध्ये, नूतनीकरणाची नोटीस मेसेजने आली, ईमेलने आली आणि नव्या पत्त्यावर पोस्टानेही आली. बाबांनी तिन्ही कापून-छापून पिशवीत ठेवल्या. हप्ता १० तारखेलाच भरला.

२३ तारखेला माझा फोन वाजला. जळगावचा नंबर होता.

"भाऊ, मागच्या वर्षी या दिवसांत तुमच्या वडिलांचे मेसेज यायचे. या वर्षी एकही आला नाही. म्हटलं विचारावं, तब्येत बरी आहे ना त्यांची?"